डेक दाखवून झाला, तरी सगळे मलाच विचारतात

"ताई, मी ऐंशी माणसांच्या कंपनीत एचआरला एकटाच आहे. नवीन येणाऱ्यांसाठी ऑनबोर्डिंग डेक बनव म्हणून सांगितलं, मी महिनाभर बसून ५२ स्लाइड्सचा केला. कंपनीची रचना, पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक, कशासाठी कोणाला गाठायचं, सगळं टाकलं. मागच्या बॅचला दीड तास दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून तीच पाच माणसं तेच सगळं मला चॅटवर विचारतायत. तीन आठवड्यांनी अजून सहा जण येतायत. डिरेक्टर म्हणतात इतिहास आणि व्हिजनच्या स्लाइड्स काढायच्या नाहीत. मी नेमकं काय बदलू? — एकटा एचआर"

अरे, सगळ्यात आधी ते चॅट जपून ठेव, त्यातला एकही मेसेज डिलीट करू नकोस, कारण तुझा नवीन डेक त्या चॅटमध्येच आहे. आज अर्धा तास काढ आणि त्या पाच जणांनी पहिल्या आठवड्यात तुला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दात एका शीटमध्ये उतरव, समोर वार लिही. "लॉगिन होत नाहीये", "सुट्टी कोणाला सांगू", "माझं नाव त्या ग्रुपमध्ये नाहीये", "रोहितसर माझे बॉस का मीनामॅडम", असंच लिही, सुधारून लिहू नकोस. साधारण तीस-चाळीस ओळी होतील आणि त्यातल्या बऱ्याच एकसारख्या निघतील. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्याहून जास्त प्रश्न एकाच प्रकारचे निघाले, "अमुक अडलंय, कोणाला विचारू?" आणि त्याचं उत्तर माझ्या डेकमध्ये होतं, ४४ नंबरच्या स्लाइडवर, जिथपर्यंत पोचेस्तोवर लोकांचे डोळे मिटायला लागले होते.

म्हणून सुरुवात संपर्काच्या स्लाइडपासून कर, रचना आणि वेळापत्रक नंतर. बहुतेक डेकमध्ये ही स्लाइड शेवटी असते आणि डिपार्टमेंटच्या नावाने लावलेली असते, आयटी, फायनान्स, अॅडमिन, एचआर, समोर नाव आणि मेल. आत बसलेल्या माणसाला हे बरोबर वाटतं. पण काल आलेल्या माणसाला त्याची अडचण कुठल्या डिपार्टमेंटची आहे हेच माहीत नसतं ना. पगाराच्या फॉर्मवर बँकेचं खातं चुकलं तर ते एचआरचं का फायनान्सचं? दरवाजाचं कार्ड चालत नाही तर अॅडमिन का आयटी? प्रत्येक कंपनीत याचं उत्तर वेगळं असतं आणि ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून डाव्या बाजूला अडचण लिही, तुझ्या शीटमधल्याच शब्दात, आणि उजवीकडे चार गोष्टी: कोणाला, कशावर म्हणजे फोन, चॅट का तिकीट, उत्तर साधारण किती वेळात येतं, आणि ते नसतील तर दुसरं कोण.

यातली तिसरी गोष्ट लोक हमखास गाळतात आणि तीच सगळ्यात जास्त त्रास देते. नवीन माणसाला दोन तास गप्प बसलेला मेल म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं, किंवा उलट तो दोन दिवस वाट बघत बसतो कारण त्याला वाटतं इथे असंच चालत असेल. "तिकीट टाकल्यावर चार तासात उत्तर येतं, नाही आलं तर या नंबरवर फोन कर" एवढं लिहिलं की दोन्ही प्रकार थांबतात.

एक प्रसंग सांगते, माझ्याच बाबतीतला. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे एक मुलगा सोमवारी जॉइन झाला, हुशार, शांत. त्याला काम करायच्या सिस्टीमचा ॲक्सेस मिळाला नव्हता. त्याने माझ्या डेकमध्ये बघून, तिथे दिलेल्या आयटीच्या माणसाला मेल केला, नीट, नम्रपणे. तो माणूस चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. त्याचा मेलबॉक्स बंद केलेला नव्हता, त्याच्या मॅनेजरकडे वळवलेला होता, आणि मॅनेजर त्या आठवड्यात रजेवर. मेल परत आला नाही, एरर आली नाही, काहीच नाही. गुरुवारी दुपारी मी सहज त्याच्या डेस्कपाशी गेले तर स्क्रीनवर माझाच डेक उघडा होता, तो तिसऱ्यांदा वाचत होता. म्हणाला, "मॅडम, मेल केलाय सोमवारी, उत्तर येईल म्हणून थांबलोय." चार दिवस. त्याला विचारायला संकोच वाटत होता आणि माझ्या स्लाइडने त्याला सांगितलं होतं की विचारायची जागा हीच. ते मला अजून लागतं.

त्या दिवसानंतर मी एक नियम पाळला, जे बदलतं ते स्लाइडवर छापायचं नाही. स्लाइडवर कामाच्या नावाचा सामायिक पत्ता असावा, म्हणजे हेल्पडेस्कचा, पगाराचा, अॅडमिनचा, ज्याच्या मागे दोन-तीन माणसं असतात आणि एक गेला तरी दुसरा वाचतो. माणसांची नावं, एक्स्टेंशन, कोण कधी रजेवर हे सगळं एका आतल्या पानावर ठेव, विकी असेल तर विकीवर, नसेल तर एक साधी शेअर केलेली शीट, आणि स्लाइडवर त्याची लिंक. रोजच्या अडचणींसाठी अपवाद फक्त दोन, नवीन माणसाचा मॅनेजर आणि त्याचा बडी, म्हणजे सुरुवातीला त्याच्या मदतीला दिलेला सहकारी. त्यांची नावं, फोटो आणि फोन नंबर त्याच्या प्रतीत असायलाच पाहिजेत, कारण पहिल्या दिवशी माणसाला मेलबॉक्स नको असतो, तोंडओळख हवी असते. आणि बडी निवडताना दहा वर्षं जुना माणूस देऊ नकोस, सहा-आठ महिन्यांपूर्वी आलेला दे, त्याला स्वतःचे पहिले दिवस अजून आठवत असतात, शिवाय त्या आठवड्यात तो रजेवर नाही ना हे आधी बघ.

आता संपर्काबद्दलच्या दोन खाचा, ज्यात मी स्वतः अडकलेय. पहिली म्हणजे लॉगिन न होण्याची. लॉगिनसाठी कोणाला गाठायचं हे तू डेकमध्ये लिहिलंयस, डेक शेअर्ड ड्राइव्हवर आहे, आणि ड्राइव्ह लॉगिन झाल्याशिवाय उघडत नाही! तिकीट टाकायचं तर त्यालाही लॉगिन लागतं. म्हणून ही एक ओळ कागदावर हवी. अर्ध्या पानाचं कार्ड छाप, त्यावर हेल्पडेस्कचा फोन, बडीचा फोन, तुझा फोन, आणि लॅपटॉपसोबतच हातात दे. घरून काम करणारा असेल तर तेच कार्ड लॅपटॉपच्या बॉक्समध्ये टाक. फोन बदलला, दुसऱ्या टप्प्याचा कोड जुन्या फोनवर जातोय, हा प्रकार पहिल्या आठवड्यात फार होतो, तेव्हा हेच कार्ड कामाला येतं.

दुसरी खाच तक्रारीची. "काही अडचण असेल तर मॅनेजरशी बोला" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण अडचण मॅनेजरच असेल तर? छळ, भेदभाव, धमकी, असल्या गोष्टींसाठी एक वेगळी ओळ हवी आणि तिथे सामायिक मेलबॉक्स चालणार नाही, कारण लिहिणाऱ्याला कळलं पाहिजे की हा मेल नक्की कोण वाचणार. दोन माणसांची नावं दे, शक्यतो वेगवेगळ्या टीममधली, म्हणजे एकाबद्दलच तक्रार असेल तर दुसरा मार्ग राहतो. कायद्याने किंवा कंपनीच्या नियमाने समिती असेल तर तिची माहिती इथेच दे. आणि ही नावं बदलली की त्याच दिवशी बदलायची, या ओळीला पुढच्या बॅचची वाट बघायची नाही.

अजून एक गोष्ट इथेच सांगते. हा डेक जॉइन व्हायच्या आधी लोकांच्या खासगी मेलवर पूर्ण पाठवू नकोस. कोण कोणाखाली, कोणाचा नंबर काय, पैसे कोण मंजूर करतं, ही यादी फसवणूक करणाऱ्याला आयती मिळते. आणि नवीन माणूस सोपा सापडतो, कारण साहेब एरवी कसं लिहितात हे त्याला माहीतच नसतं. "मी मीटिंगमध्ये आहे, तातडीने गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव" हा मेल डिरेक्टरच्या नावाने आला तर जुना माणूस हसेल, नवीन माणूस पळत जाऊन घेईल. म्हणून संपर्काच्या स्लाइडवर ठळक एक ओळ टाक: इथे कोणीही मेलवर किंवा मेसेजवर पासवर्ड, ओटीपी, गिफ्ट कार्ड मागणार नाही, मागितलं तर आधी या नंबरवर फोन कर. जॉइन व्हायच्या आधी फक्त एक पान पाठव, किती वाजता, कुठे किंवा कुठल्या लिंकवर, कोण भेटणार, कुठले कागद हवेत, उशीर झाला तर कोणाला फोन. तेवढं पुरतं.

आता रचना. तुझ्या ५२ पैकी किती स्लाइड्स चार्टच्या आहेत ते तू लिहिलं नाहीस, पण ऐंशी चौकोनांचा एक चार्ट असणार आणि त्यातली नावं मागच्या बाकावरून वाचता येत नसणार, बरोबर? तो चार्ट काढ. नवीन माणसाला ऐंशी नावं लक्षात ठेवायची नसतात, त्याला दोन चित्रं लागतात.

पहिलं चित्र म्हणजे काम कसं फिरतं. ग्राहक येतो, सेल्स बोलतं, मग ते प्रोजेक्ट टीमकडे येतं, तिथून बनवणाऱ्यांकडे, मग तपासणी, मग बिल, मग सपोर्ट. तुमच्याकडे जे काही असेल ते, पण डावीकडून उजवीकडे, प्रत्येक टीमखाली एकच वाक्य, ती टीम काय घेते आणि पुढे काय देते. बाणावर देवाणघेवाण लिही, "पक्की मागणी", "मंजूर डिझाइन" असं. चार्टमध्ये कोण कोणाच्या वर ते दिसतं, पण काम वरून खाली जात नाही, ते आडवं जातं, आणि नवीन माणूस अडतो तो या आडव्या जागेतच.

दुसरं चित्र त्याच्या शेजाराचं. मध्ये तो स्वतः, "तू इथे". त्याचा मॅनेजर, मॅनेजरचा मॅनेजर, सोबत बसणारे चार-पाच जण, आणि ज्या दोन-तीन टीमशी त्याचं रोजचं देणंघेणं आहे तिथला प्रत्येकी एक माणूस. दहा-बारा नावं, बस. संस्थेचा चार्ट म्हणजे सगळ्यात वर मोठे साहेब असं आपल्या डोक्यात बसलंय, पण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेच्या डॅनियल मॅकॅलमने १८५५ मध्ये जो चार्ट काढून घेतला, जो अशा पहिल्या चार्टांपैकी एक मानतात, त्यात संचालक मंडळ खाली मुळाशी आहे आणि रेल्वेचे विभाग फांद्यांसारखे वर पसरलेत. मला तो फार आवडतो, कारण त्यात फांदीच्या टोकाला असलेला माणूससुद्धा आपली जागा शोधू शकतो. तुझ्या चित्राने तेवढं केलं की काम झालं.

दोन बॉस असण्याचा प्रकार तुमच्याकडे आहे असं वाटतंय, नसला तरी वाच. समज एक डिझायनर आहे, ती डिझाइन हेडला रिपोर्ट करते पण रोज बसते एका प्रोजेक्टमध्ये, प्रोजेक्ट मॅनेजरसोबत. चार्टवर एक सरळ रेघ आणि एक तुटक रेघ काढून आपण मोकळे होतो. तिला मात्र तुटक रेघेचा अर्थ कळत नाही. मग ती सुट्टी दोघांना सांगते, किंवा एकालाच सांगते आणि दुसरा चिडतो. म्हणून रेघेखाली शब्दात लिही: रोज आधी काय करायचं ते प्रोजेक्ट मॅनेजर ठरवतील, रजा डिझाइन हेड मंजूर करतील पण प्रोजेक्ट मॅनेजरना आधी सांगायचं, वर्षाचं मूल्यमापन डिझाइन हेड करतील आणि प्रोजेक्ट मॅनेजरचं मत घेतील, आणि दोघांनी एकाच दिवशी वेगवेगळी कामं सांगितली तर तिने स्वतः निवडायचं नाही, दोघांना एकाच चॅटमध्ये घेऊन विचारायचं. हे लिहायला बसलास की कदाचित त्या दोघांचंच आपापसात ठरलेलं नाही असं निघेल. निघू दे, ती आलेल्या दिवशी निघण्यापेक्षा आत्ता निघालेलं बरं.

शेजाराचं चित्र प्रत्येक टीमचं वेगळं असणार, आणि ते तू एकट्याने करायचं नाहीस. सहा जण समजा चार टीममध्ये येतायत, तर चार टीम लीड. त्यांना रिकामी स्लाइड पाठवलीस तर ती रिकामीच परत येईल. दोन प्रश्न विचार, तोंडी, पाच मिनिटं: "हा माणूस पहिल्या महिन्यात कोणाकडून काम घेईल आणि कोणाला देईल?" आणि "मागच्या वेळी नवीन आलेला कोणाकडे जायला हवा होता आणि चुकून कोणाकडे गेला?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ते फार पटकन देतात. मग चित्र तू काढ आणि त्यांना फक्त तपासायला दे.

आता पहिला आठवडा. वेळापत्रकाची स्लाइड म्हणजे सोमवार ते शुक्रवार चौकोन, प्रत्येक चौकोनात तीन-चार मीटिंगा, रंगीत. ती दिसते छान, पण पहिल्याच दिवशी मोडते, आणि मोडण्याचं कारण बहुतेक वेळा मीटिंगच्या वेळा नसतात, आधीची कामं झालेली नसतात हे असतं. लॅपटॉप आला नाही, अकाउंट उघडलं नाही, लायसन्स मंजूर नाही. म्हणून वेळापत्रक सोमवारपासून मागे मोजत बनवायचं.

एक उदाहरण घेऊ. अकाउंट्सला एक मुलगी सोमवारी येतेय आणि मंगळवारी दुपारी तिला बिलिंगची सिस्टीम शिकवायचं ठरलंय. त्या सिस्टीमच्या लायसन्सला मॅनेजरची मंजुरी एक दिवस, खरेदीची मंजुरी एक दिवस, आयटीने नाव चढवायला एक दिवस. कामाचे तीन दिवस. सोमवारी सकाळी तयार पाहिजे तर आधीच्या बुधवार, गुरुवार, शुक्रवारी हे व्हायला हवं, आणि एखादा दिवस हातचा ठेवायचा तर विनंती मंगळवारी जायला हवी. म्हणजे तिच्या मंगळवारच्या शिकवणीची खरी तारीख आधीचा मंगळवार आहे. तो दिवस तुझ्या कॅलेंडरमध्ये नसेल तर तिची रंगीत स्लाइड खोटी आहे. प्रत्येक जागेसाठी अशी चार-पाच ॲक्सेसची नावं लीडकडून घे, प्रत्येकाला किती दिवस लागतात ते आयटीला विचार, सगळ्यात लांब जे निघेल तिथून सुरुवात कर. लॅपटॉप स्टॉकमध्ये नसेल तर तो सगळ्यात लांब, त्याचं घड्याळ ऑफर स्वीकारली त्याच दिवशी सुरू होतं. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत, म्हणजे लॅपटॉपचं आजच विचार, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच.

तरीही काहीतरी अडेलच, म्हणून पहिल्या दिवसाला एक दुसरा बेत ठेव, लॉगिनशिवाय काय करता येईल? बडीच्या शेजारी बसून त्याचं काम बघणं, टीमशी ओळख, कागदपत्रं भरणं, मॅनेजरशी बोलणं. ही कामं मुद्दाम सोमवारी ठेव आणि जे जे लॉगिनवर अवलंबून आहे ते मंगळवारपासून पुढे. मग लॅपटॉप दुपारी आला तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आठवड्याचा आकार मी असा ठेवते. सोमवारी लॅपटॉप, पासवर्ड, दुसऱ्या टप्प्याचं लॉगिन, कागद, आणि मॅनेजरशी अर्धा तास, तोही रिकाम्या गप्पांचा नाही, "या आठवड्यात तुझ्याकडून मला काय हवंय" एवढ्यावर. मंगळवारी काम कसं फिरतं ते, म्हणजे पहिलं चित्र, पण स्लाइडवर नाही, एखादं खरं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघडून दाखवायचं. बुधवारी एक लहान खरं काम त्याच्या हातात. खरं म्हणजे खरं, कोणीतरी वापरेल असं, एखादं पान दुरुस्त करणं, एका ग्राहकाच्या साध्या प्रश्नाचं उत्तर लिहिणं, मागच्या महिन्याचे पाच व्हाउचर जुळवणं. हे जर बुधवारपर्यंत झालं नाही तर समजायचं की काहीतरी अडलंय आणि तो सांगत नाहीये. मी बुधवारी दुपारी फक्त एवढंच विचारते, "आज काय केलंस ते मला दाखव." "सगळं ठीक आहे ना?" विचारलं की सगळे ठीकच म्हणतात. गुरुवारी शेजारच्या टीमची माणसं, वीस-वीस मिनिटं, दोघं-तिघं, जास्त नाही. शुक्रवारी मॅनेजरशी परत अर्धा तास, काय समजलं नाही आणि पुढच्या आठवड्यात काय.

दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ मीटिंगमध्ये जाता कामा नये, बाकी मोकळा, स्लाइडवर "मोकळा वेळ" असं लिहूनच, नाहीतर कोणीतरी तिथे घुसतंच. सक्तीची ट्रेनिंग असतात ना, सुरक्षा, आचारसंहिता वगैरे, ती एका दिवसात कोंबू नको, मुदत किती आहे ते बघ आणि जिथे मुदत परवानगी देते तिथे दुसऱ्या आठवड्यात ढकल. आणि या सगळ्याची खरी जागा कॅलेंडर आहे, स्लाइडवर फक्त आकार. प्रत्येक मीटिंगचं इन्व्हाइट जो ती घेणार आहे त्याच्याच नावाने जाऊ दे, तुझ्या नावाने गेलं तर वेळ बदलल्यावर ते तुलाच सांगतील आणि तू सहा जणांना सांगत फिरशील. कोणी वेगळ्या टाइम झोनमधून काम करत असेल तर स्लाइडवरच्या वेळेसमोर झोन लिही, कॅलेंडर आपोआप बदलतं, चित्र बदलत नाही.

आता ५२ चे किती राहतील ते मोजू. अडचण आणि संपर्क २, सगळं काम कसं फिरतं १, त्याच्या टीमचं शेजार १, दोन बॉसचा खुलासा जिथे लागेल तिथे १, आठवड्याचा आकार १, पहिल्या दिवशी लॉगिन कसं करायचं २, रजा आणि वेळ याबद्दल पहिल्या आठवड्यात लागेल तेवढंच १, सुरक्षेची १, सुरुवात आणि कंपनी काय करते २, आणि शेवटी बाकी सगळं कुठे मिळेल त्याच्या लिंक १. तेरा झाल्या. उरलेल्या ३९ फेकून देऊ नकोस, मेहनत आहे ती, प्रवासखर्च, विमा, मूल्यमापन, बक्षिसं, हे सगळं हँडबुकमध्ये जाऊ दे, जिथे माणूस त्याला लागेल तेव्हा शोधून वाचेल. सोमवारी चाळीस मिनिटं दाखव, तेही संपर्काची स्लाइड पहिली, आणि दाखवताना त्यांच्याकडून करून घे, "समज आत्ता तुझं कार्ड चाललं नाही, शोध बरं कोणाला गाठशील." दोन मिनिटात कळतं स्लाइड चालते का नाही.

दाखवायच्या आधी एक चाचणी मात्र टाळू नकोस. तुला सगळ्या लिंक उघडतात कारण तुला सगळे अधिकार आहेत. नवीन माणसाला त्याच लिंकवर "परवानगी नाही" येतं, आणि परवानगी मागायचं बटण दाबलं की विनंती कोणा भलत्याकडेच जाते. म्हणून मागच्या पाचातल्या एकाला, ज्याला कमीत कमी अधिकार आहेत त्याला, शेजारी बसव आणि प्रत्येक लिंक त्याच्या लॅपटॉपवर त्याच्याच हाताने उघडायला लाव. मग तू प्रत्येक फोन नंबर लाव, प्रत्येक सामायिक पत्त्यावर एक ओळीचा मेल टाक, "हा मेल कोण वाचतं, मला उत्तर द्या." वीस मिनिटं जातात. जिथून दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही ती ओळ खोटी आहे, ती बदल किंवा काढ. प्रत्येक बॅचच्या आधी हे करायचं आणि स्लाइडच्या तळाशी तारीख टाकायची, शेवटचं कधी आणि कोणी तपासलं.

आणि एक ओळ तुझ्या दुसऱ्या यादीत घाल, नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या. लॅपटॉप परत घेतला, कार्ड परत घेतलं, अकाउंट बंद केलं, त्याच्याच खाली "संपर्काच्या पानावरून नाव काढलं". माझा तो मुलगा चार दिवस बसला कारण ही ओळ आमच्या यादीत नव्हती. डेक पीडीएफ करून मेलवर पाठवायचं पण बंद कर, लिंकच पाठव, एकदा पीडीएफ बाहेर पडला की जुनी प्रत दोन वर्षं फिरते आणि तू काहीही करू शकत नाहीस.

राहिले तुझे डिरेक्टर. ते चुकीचं म्हणत नाहीयेत, कंपनी कशी उभी राहिली हे नवीन माणसाला कळावं असं त्यांना मनापासून वाटतंय, फक्त सोमवारी सकाळी, लॉगिनच्या चिंतेत असताना, ते कोणाच्या कानात शिरत नाही. त्यांच्याकडे ५२ आणि १३ चा वाद घेऊन जाऊ नकोस. तुझी ती प्रश्नांची शीट घेऊन जा, वार लिहिलेली, आणि दाखव की सोमवार-मंगळवारी लोक काय विचारतात. मग म्हण, "सर, हा इतिहास स्लाइडवर माझ्या तोंडून नको, दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी अर्धा तास तुम्हीच सांगा, स्लाइडशिवाय, आणि मग त्यांना प्रश्न विचारू द्या." दुसऱ्या आठवड्यात अशासाठी की पहिल्या आठवड्यात मोठ्या साहेबांची मीटिंग सगळ्यात आधी रद्द होते आणि वेळापत्रकाला पहिलं भोक तिथेच पडतं, आणि तोवर त्या सहा जणांनी थोडं काम केलेलं असेल, तर विचारायलाही काहीतरी असेल. नकार दिलाच तर एक स्लाइड ठेव, सुरुवातीच्या दोनमधली एक, त्यांच्याच शब्दातली. मग संपर्काची स्लाइड तिच्या लगेच मागे.